आकड्यांचं दळण

कॉफीचं वेड लागलेल्या माणसाला घरात कुणी सहानुभूती दाखवत नाही. 2023 च्या पावसाळ्यात मला ते लागलं आणि आठवड्याभरात माझी खात्री पटली की पुण्यातल्या एकाही घरात आजवर धड कॉफी झालेली नाही, कारण बिया नीट दळल्या जात नाहीत. उपाय एका जर्मन दुकानाच्या संकेतस्थळावर होता: हाताने फिरवायचा कॉफी ग्राइंडर, किंमत 119 युरो. त्या दिवशी युरो 90 रुपयांना होता. म्हणजे 10,710 रुपये.

"दहा हजारांत मिक्सर येतो, तोही न फिरवता चालणारा," बायको म्हणाली. मी दुर्लक्ष केलं.

आणि देव पावला! पत्त्यात India निवडताच किंमत 119 वरून 100 वर आली. जर्मनीत लावलेल्या किमतीत तिथला 19 टक्के व्हॅट धरलेला असतो आणि माल युरोपबाहेर जाणार असेल तर पुष्कळ दुकानं तो वजा करतात. जर्मन सरकारने माझ्यासाठी स्वतःहून 19 युरो सोडले, या विचाराने मी इतका हळवा झालो की खाली 30 युरो कुरिअर खर्च लागलेला उशिरा दिसला. 130 युरो, 11,700 रुपये. चालायचंच.

"ड्यूटी धरलीस का?" वरच्या मजल्यावरचे नाना दारातूनच म्हणाले. नानांनी फोर्टातल्या एका क्लिअरिंग एजंटाच्या ऑफिसात पस्तीस वर्षं काढली आहेत. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या ज्ञानाला गिऱ्हाईक नव्हतं. ते आत येऊन बसले आणि त्यांनी कागद मागितला.

"आधी कार्ड. परदेशी चलनाचा मार्कअप किती?"

मी कार्डाचं दरपत्रक जन्मात पहिल्यांदा उघडलं. साडेतीन टक्के. त्या साडेतीन टक्क्यांवर 18 टक्के जीएसटी. म्हणजे सव्वाचारच्या जरासं खाली. 11,700 चे 12,183 झाले. ग्राइंडर अजून जर्मनीतून हललाही नव्हता.

"आता ड्यूटी," नाना म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसला. वैयक्तिक वापरासाठी कुरिअरने मागवलेल्या वस्तूंना त्या वर्षी 9804 या शीर्षकाखाली मूळ आयात शुल्क 35 टक्के, समाजकल्याण अधिभार 10 टक्के आणि आयजीएसटी 28 टक्के होता. (पुढे हे दर बदलले, आकडेमोडीची रीत तीच राहिली.) मी चपळाईने बेरीज केली. "73 टक्के!"

नानांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिने मला चौथीतले गुरुजी आठवले. "अरे, दहा टक्के कशाचे?"

"किमतीचे?"

"ड्यूटीचे! पस्तीसचे दहा टक्के, साडेतीन. झाले साडेअडतीस. आणि अठ्ठावीस कशावर?"

मी गप्प. घरात आपल्याला कळतं असं वाटण्याची एक मर्यादा असते.

"माल अधिक ड्यूटी अधिक अधिभार, या सगळ्यावर. शंभराचे झाले 138.50. त्याचे अठ्ठावीस टक्के, 38.78. एकूण 77.28." हा आकडा त्यांनी दशांशचिन्हासकट असा म्हटला, जणू नातवंडाचं नाव सांगताहेत.

"म्हणजे 9,000 चे 77 टक्के," मी सावरत म्हणालो.

"नऊ हजार कुठून आणलेस?"

"100 युरो गुणिले 90."

आता नाना खऱ्या अर्थाने रंगात आले. कस्टम्सला आपल्या मोबाइलवरचा 90 चालत नाही. त्यांचा स्वतःचा दर असतो, तो त्या काळी पंधरवड्याला जाहीर व्हायचा, आणि आयातीसाठी तो बाजारापेक्षा जरा चढाच असतो. त्या पंधरवड्यात तो 92 निघाला. शिवाय ड्यूटी नुसत्या वस्तूवर लागत नाही, वस्तू अधिक विमा अधिक भाडं यावर लागते. विमा किती ते माहीत नसेल तर वस्तूच्या किमतीच्या 1.125 टक्के धरायचा.

"विमा काढलेलाच नाही मी!"

"म्हणून तर माहीत नाही. धरायचा."

फक्त एका ठिकाणी सरकारला माझी दया आली. विमानाने आलेल्या मालाचं भाडं वस्तूच्या किमतीच्या 20 टक्क्यांपर्यंतच धरतात. मी 30 युरो मोजणार होतो, हिशेबात 20 धरले. असे 121.125 युरो, गुणिले 92, म्हणजे 11,143 रुपये 50 पैसे. त्याच्या 77.28 टक्के ड्यूटी, 8,612 रुपये. वाचलेल्या दहा युरोंचा आनंद मी चहा येईपर्यंत पुरवला.

हो, चहाच. कॉफी कुणी विचारलीही नाही.

"आणि कुरिअरवाला?" नाना बशीत चहा ओतत म्हणाले. कुरिअर कंपनी आपली ड्यूटी आधी स्वतः भरते आणि या उपकाराचं शुल्क लावते. मी निवडलेल्या सेवेच्या दरपत्रकात ते 750 होतं, वर 18 टक्के जीएसटी, 885. नानांनी खाली रेघ ओढली. 12,183 अधिक 8,612 अधिक 885. एकवीस हजार सहाशे ऐंशी.

बराच वेळ कुणी बोललं नाही. स्वयंपाकघरात मिक्सर फिरायला लागला. मला तो मुद्दाम फिरवल्यासारखा वाटला.

"गिफ्ट म्हणून पाठवायला सांगा ना त्यांना," बायको आतून ओरडली. मलाही ते पटलं. नानांनी मान हलवली. पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तू ड्यूटीशिवाय यायच्या, तो रस्ता डिसेंबर 2019 मध्ये बंद झाला. आता पोस्टाने किंवा कुरिअरने ड्यूटीशिवाय भेट म्हणून दोनच गोष्टी येऊ शकतात: जीवरक्षक औषधं आणि राखी.

"कॉफी जीवरक्षकच आहे," मी म्हणालो.

"राखी येते, पण राखीबरोबरची भेटवस्तू येत नाही. नियमात तसं स्पष्ट लिहिलंय." एखाद्या अधिकाऱ्याने ऑफिसात बसून बहीण दोऱ्यासोबत काय काय पाठवू शकते याचा विचार केला असेल, हे चित्र मला पुढे कित्येक दिवस हसवत होतं.

तेवढ्यात बायकोने ते विचारलं जे आम्हा दोघांना सुचलं नव्हतं. "आपला भाचा म्युनिकहून दिवाळीला येतोय ना?"

नानांनी पेन्सिल खाली ठेवली. परतणाऱ्या प्रवाशाला सामानात पन्नास हजारांपर्यंतच्या वस्तू ड्यूटीशिवाय आणता येत होत्या. मात्र भाचा तिथला रहिवासी, त्याला व्हॅट काही परत मिळणार नव्हता. त्याने 119 युरो मोजायचे, मी त्याला 119 गुणिले 90 द्यायचे. 10,710. दोन तास, तीन कागद आणि चार कप चहा संपवून आम्ही पहिल्या आकड्यावर परत आलो होतो.

भाच्याला लगेच फोन लावला. तो आनंदाने हो म्हणाला. मग म्हणाला, "मामा, जाताना मला थोडं न्यायचंय. मामीला सांग, भाजणी चार किलो, मेतकूट, गोडा मसाला, चिवडा, आणि चितळ्यांकडची बाकरवडी, जमेल तेवढी. माझ्या मित्रांसाठीपण."

"पेढे?" बायकोने विचारलं.

"पेढे नको गं. इथे बाहेरून दुधाचं काही आणू देत नाहीत."

नानांनी पुन्हा पेन्सिल उचलली. "भाजणीचा भाव काय चाललाय सध्या?"