'चार गुरं' आणि 'गुरं चार'

आधी हे दोन्ही शब्दप्रयोग मोठ्याने म्हणून बघा. आकड्यातला 'च' टाळूवर जीभ टेकवून येतो आणि चारण्यातला 'च' दातांमागून. बाकी सगळं तेच, तरी अर्थ बदलला. अशा जोडीला न्यूनतम युग्म म्हणतात. ते सापडलं की हे दोन आवाज वेगळे स्वनिम, म्हणजे अर्थ बदलू शकणारे आवाज आहेत, हे सिद्ध होतं. आपली लिपी मात्र दोघांना एकच अक्षर देते.

आता समजा, मराठीला लिपीच नाही आणि कुणी बाहेरचा माणूस वही घेऊन गावात आलाय. त्याला मिळाले चाक, चूल, चोर, चिमणी, चेंडू, चिंच. दंत्य 'च' आ, ऊ, ओ यांच्या आधी, तालव्य 'च' इ, ए यांच्या आधी. 'चिंच' या एका शब्दातही पहिला तालव्य, शेवटचा दंत्य. 'माझा'चं 'माझी' झालं की 'झ'सुद्धा तालव्य होतो. एक असेल तिथे दुसरा नाही, म्हणजे पूरक वितरण. तो लिहून टाकेल, 'एकच स्वनिम, दोन स्वनांतरं', म्हणजे एकाच स्वनिमाची जागेनुसार बदलणारी दोन रूपं. यादीत 'चार' हा आकडा आला नाही, तर चूक त्याच्या लक्षातही येणार नाही.

म्हणून मला ठामपणे वाटतं, की युग्म सापडलं नाही याचा अर्थ 'फरक नाही' असा लावूच नये. आधी प्रत्येक आवाजाच्या पुढेमागे काय येतं त्याचा तक्ता करावा आणि तक्त्यातली रिकामी घरं भरणारे शब्द मुद्दाम विचारावेत. 'तालव्य च नंतर आ असलेला एखादा शब्द आहे का?' हाच प्रश्न वरची चूक पकडतो.

उलट चूकही होते, एकाच स्वनिमाची दोन रूपं वेगळे स्वनिम वाटतात. भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर 1910 मध्ये टोनी टिलोहॅश या भाषकाकडून दक्षिण पायूट ही अमेरिकेतली भाषा शिकत होते. 'पाण्यापाशी' या अर्थाच्या शब्दात सपीरना मधला आवाज ओठ पुरते न मिटता काढलेल्या 'व'सारखा ऐकू येई. शब्द तोडून म्हणायला सांगितल्यावर टोनी म्हणाले 'पा', थांबले, मग पुन्हा 'पा'. त्या भाषेत स्वरानंतर 'प' घर्षक होतो, म्हणजे ओठांच्या फटीतून हवा घासत येते. मध्ये थांबलं की आधीचा स्वर दुरावतो आणि मूळ 'प' परत येतो. स्वरानंतर खणखणीत 'प' मिळतो तो दुहेरी असतो, त्यामुळे तोही तक्त्यात वेगळ्या घरात मांडावा लागतो.

नुसतं पूरक वितरणही पुरत नाही. इंग्रजीत 'ह' शब्दाच्या शेवटी येत नाही आणि 'सिंग'मधला 'ङ' सुरुवातीला येत नाही. दोघे कधीच समोरासमोर येत नाहीत, पण त्यांना एका स्वनिमाची रूपं कुणी मानत नाही, कारण उच्चारात काहीच साम्य नाही.

गावात बसून तक्ता भरताना मी एक पथ्य पाळते. शब्द एकेकटा घेतल्यावर तोच वाक्यात घालून पुन्हा म्हणवून घेते, कारण आधीचा स्वर आला की आवाज बदलतो का, हे तिथेच कळतं.