दोन वेण्या घातलेली एसटी

एका नव्या लेखिकेचा पहिला कथासंग्रह सध्या माझ्याकडे प्रुफं तपासायला आहे. समासात मावलं नाही ते मी तिला पत्रात लिहिलं. तिची परवानगी घेऊन ते पत्र इथे टाकते आहे.

प्रिय मुली,

पान ४३ वरच्या एका वाक्याला मी पेन्सिलीने गोल केलाय आणि शेजारी नुसतं 'कोण?' लिहिलंय. फोनवर तू म्हणालीस, "ताई, वाचकाला कळतंच की!" म्हणून हे सविस्तर लिहिते.

वाक्य असं आहे: 'दोन वेण्या घालून, दप्तर पाठीला लावून, आजीच्या पाया पडून फाट्यावर एसटी आली.'

मुलगी पहिल्यांदाच गाव सोडून वसतिगृहात निघाली आहे. आजी पुन्हा भेटेल की नाही, हे तिला ठाऊक नाही. आणि नेमक्या त्या क्षणी तुझ्या वाक्यात वेण्या घालते ती एसटी. दप्तर एसटीच्या पाठीला, आणि आजीच्या पायाही एसटीच पडते. तुला काय म्हणायचंय ते वाचकाला कळतं, हे खरं. पण कळायच्या आधी त्याला हसू येतं, आणि आजीपाशी हसू यायला नको होतं.

हे का होतं बघ. मराठीत आपण 'मी', 'ती' सर्रास गाळतो आणि काही बिघडत नाही, कारण 'आले', 'आलास', 'आल्या' ही रूपंच कोण ते सांगतात. 'येऊन' मात्र काहीच सांगत नाही. बाई की पुरुष, एक की अनेक, मी की तू, यातलं काहीही त्या रूपात नाही. म्हणून ते आपला कर्ता पुढच्या मुख्य क्रियापदाकडून घेतं. तुझ्या वाक्यात मुख्य क्रियापद 'आली', आणि आली कोण, तर एसटी. तुझ्या मनात 'मी' इतकी पक्की होती की ती कागदावर उतरलीच नाही, हे तुला दिसलं नाही.

कर्ता म्हणजे क्रियापद ज्याच्याप्रमाणे बदलतं तो शब्द, असं मात्र समजू नकोस. पसायदानात 'तोषोनि मज द्यावें' आहे. तिथे 'द्यावें' हे पसायदानाप्रमाणे चालतं, पण संतुष्ट होणारा देव आणि देणाराही देवच. म्हणून ते वाक्य सातशेहून जास्त वर्षं कुठेही अडखळत नाही. 'पत्र वाचून मला रडू आलं' हेही चालतं, कारण वाचणारी आणि रडणारी एकच. 'त्याला जाऊन दहा वर्षं झाली' किंवा 'पाऊस पडून चिखल झाला' या भाषेत रुळलेल्या रचना आहेत. त्यांना मी हात लावत नाही. 'शुद्ध गाईचं तूप'सुद्धा दुकानाच्या पाटीवर असेल तर सोडून देते, कथेत नाही सोडणार.

दुरुस्ती दोन तऱ्हांनी होते. एक म्हणजे 'ऊन'च्या जागी 'ल्यावर' आणायचं, कारण 'ल्यावर'ला स्वतःचा वेगळा कर्ता चालतो. 'घरी येऊन आईने चहा दिला' यात घरी आई आली. 'मी घरी आल्यावर आईने चहा दिला' यात मी आले. पण तुझ्या वाक्यात तीनदा 'ल्यावर' आलं तर ते हजेरीपटासारखं वाजेल. तिथे दुसरी तऱ्हा बरी, 'मी'ला तिचं क्रियापद द्यायचं: 'दोन वेण्या घालून, दप्तर पाठीला लावून, आजीच्या पाया पडून मी फाट्यावर पोचले. तेवढ्यात एसटी आली.' तुझी लय तशीच राहते, आणि एसटी वेगळ्या वाक्यात गेल्यामुळे ती अचानक आल्यासारखी वाटते. मला तर हे मूळ वाक्याहून आवडलं.

'ताना' जरा फसवं आहे. त्याला वेगळा कर्ता चालतो, पण तो लिहावा लागतो. पान ६१ वर 'रस्ता ओलांडताना ट्रकने आजोबांना धडक दिली' असं आहे, म्हणजे रस्ता ट्रक ओलांडत होता. 'आजोबा रस्ता ओलांडत असताना ट्रकने त्यांना धडक दिली' असं कर. पान ६४ वर 'मी त्याला पळताना पाहिलं' आहे. पळत कोण होतं? बहुतेक वाचक 'तो' म्हणतील, कारण 'पळताना' त्याला चिकटून आहे. पण तुझ्या कथेत 'मी' पळते आहे. तेव्हा शब्द नुसता पुढे घे: 'पळताना मी त्याला पाहिलं.'

अशी आणखी ११ वाक्यं निघाली आहेत. त्यांना फक्त गोल केलाय, दुरुस्ती लिहिलेली नाही. प्रत्येक 'ऊन' आणि 'ताना'पाशी थांब, 'कोण?' असं मोठ्याने विचार, मग शेवटच्या क्रियापदाला तेच विचार. उत्तरं जुळली नाहीत तर वाक्य कसं मोडायचं ते तूच ठरव, कारण लय तुझी आहे.

पान ८८ वरचं 'डोक्याला तेल लावून शाळेची घंटा वाजली' आधी बघ. दुसरं प्रूफ शुक्रवारी छापखान्यात जाणार आहे.

तुझी,
ताई