आजीचं गोंदण पुसायला तुम्हाला सांगितलं कुणी?

नवा फोन घेतला की आधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शिरायचं आणि कंपनीनं न विचारता चालू करून ठेवलेल्या गोष्टी हुडकून बंद करायच्या. हे काम माझं का? फोनचे पैसे मी मोजलेत, नोकरी नाही धरलेली!

परवा आजीच्या पंच्याहत्तरीला चुलतभावानं तिचा फोटो काढला. पोर्ट्रेट मोड, मागचा कॅमेरा. फोटो बघितला तर कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण गायब. सुरकुत्या गायब, गालावरचा तीळ गायब. नववारीतली कुणीतरी गुळगुळीत बाई. गंमत म्हणजे मनगटावरचं गोंदण जसंच्या तसं! कारण हा ब्यूटी फिल्टर आधी चेहरा शोधतो, डोळे-ओठ-भुवया सोडतो आणि उरलेल्या कातडीवरचा प्रत्येक बारीक ठिपका, प्रत्येक रेघ म्हणजे डाग समजून पुसतो. गोंदण आणि मुरूम यातला फरक त्याला काय कप्पाळ कळणार! तुमच्याही फोनमध्ये हा उद्योग चालतोय का बघायचं असेल, तर फोटो मोठा करून गाल आणि मान शेजारी शेजारी बघा. मानेवर कातडीचा पोत दिसतोय आणि गालावर मेण फासलंय, तर समजा फिल्टर चालू आहे.

भाऊ म्हणतो, "अरे, मी बंद केलाय तो." केला होता, सेल्फीमध्ये. पोर्ट्रेटमध्ये त्याचं बटण वेगळं. बऱ्याच फोनांत प्रत्येक मोडला वेगळं. आणि हे फोटो काढतानाच होतं, त्यामुळे गॅलरीत साठतो तो पुसलेलाच चेहरा. मूळ फोटो मिळत नाही, 'मागे घ्या' नाही, काही नाही. पंच्याहत्तरी परत करायची का आता?

बंद ठेवून फोन विकता येत नाही असंही नाही. गूगलनं 2020 मध्ये पिक्सेल 4ए पासून चेहरा गुळगुळीत करणं मुळातच बंद ठेवलं. ज्याला हवं त्यानं चालू करावं. एवढं साधं आहे ते.

मग भावाचं पुढचं पालुपद : "108 मेगापिक्सेल आहे, मोठा करून बघ, दिसेल गोंदण." फोटोची माहिती उघडली. 4000 × 3000. गुणाकार करा, 12 मेगापिक्सेल. खोक्यावर 108, फोटोत 12! असे फोन नऊ-नऊ पिक्सेल जोडून एक करतात, म्हणजे कमी उजेडातही फोटोत दाणे कमी येतात. यात फसवणूक नाही, उलट हॉलमधल्या उजेडाला तेच बरं. चीड येते ती याची, की हे दुकानात कुणी सांगत नाही. पूर्ण 108 हवे असतील तर वेगळा मोड शोधा, तो बहुतेक 'आणखी'मध्ये लपवलेला. तिथं प्रत्येक पिक्सेल एकटा आणि चिमुकला, म्हणून भर उन्हात हलत नसलेली वस्तू असेल तरच फायदा. ट्यूबलाइटखाली लावाल तर फाइल कितीतरी पट मोठी आणि फोटो आणखी दाणेदार. मोठा करून बघायचं म्हणे! जे पुसलं ते कितीही मेगापिक्सेलांत परत येत नाही.

एचडीआरशी मात्र माझं फारसं भांडण नाही. आजीला खिडकीसमोर बसवलं होतं, तो नसता तर एकतर ती काळी पडली असती नाहीतर खिडकी पांढरीफटक. कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो पटापट घेऊन तो एकत्र जोडतो. फक्त मध्येच एखादं पोर पळालं की त्याला तीन हात फुटतात. ऑटोवर ठेवा आणि विसरून जा.

आणि ज्या एका गोष्टीनं कुणाचंच काही बिघडत नाही, ती ग्रिड? ती बंद! दोन उभ्या, दोन आडव्या रेघा. फोटोत उमटत नाहीत, जागा खात नाहीत, फक्त फोन तिरका धरलाय हे दाखवतात. आमच्या सगळ्या ग्रुप फोटोंत भिंत कोसळायला आल्यासारखी वाकडी आहे. मागचा दरवाजा त्या उभ्या रेघेला लावून धरला असता तरी भागलं असतं. पण नाही, ती सेटिंगच्या पोटात शोधायची. चेहरा बदलायला परवानगी लागत नाही, रेघ दाखवायला लागते!

आता आत्याला त्या फोटोची फ्रेम करायची आहे. मी साफ सांगितलंय, फ्रेम थांबवा. रविवारी आजीकडे जातोय, पोर्ट्रेट मोडला हात लावणार नाही, साध्या फोटो मोडमध्ये ब्यूटीचा आकडा शून्यावर आणून काढणार. आणि भावाचा फोन बाहेरच्या खोलीत.