‘बाजारात येऊन बघा’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

‘मोड आटली’ या शीर्षकाच्या लेखात मी लिहिलं होतं की सोन्याचा भाव चढूनही मोड, म्हणजे विकायला येणारं जुनं सोनं, त्या मानाने वाढली नाही आणि त्यात सोनं तारण ठेवून मिळणाऱ्या कर्जाचाही हात आहे. त्यावर आलेली प्रतिक्रिया: ‘साहेब, भाव वाढला की मोड वाढते, हे शेंबडं पोरगंही सांगेल. कॉम्प्युटरसमोर बसून लिहिण्यापेक्षा एकदा सोलापूरच्या सराफ बाजारात येऊन बघा, मोडीला रांगा लागल्यात. तारणाचा इथे काय संबंध तेही कळलं नाही. आणि शीर्षक तर निव्वळ क्लिकसाठी.’

शीर्षकाचं मान्य. ‘मोड आटली’ हे भडक झालं. ‘भावाच्या मानाने मोड वाढली नाही’ असं हवं होतं, पण तेवढंच.

‘कॉम्प्युटरसमोर बसून’ म्हणजे काय? आमच्या घरात मूस आणि भट्टी आजोबांपासून आहे, टंच काढायला, म्हणजे सोन्याची शुद्धता तपासायला, मला कुणी बाहेरच्याने शिकवलं नाही. टीका खुशाल करा, पण लिहिणाऱ्याने बाजार पाहिलाच नसणार असं धरून बोलायचं, ही कुठली रीत? असो.

रांगेबद्दल बोलू. रांग आहेच, नाही कोण म्हणतंय? पण रांगेतली माणसं परत जाताना काय घेऊन जातात, ते पाहिलंत का?

हिशोबाला सोपं म्हणून शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला 12,000 रुपये धरा. एका बाईंनी जुन्या पाटल्या आणल्या, वजन 40 ग्रॅम. आधी त्या वितळवायच्या, कारण कॅरेटमीटर फक्त वरचा थर वाचतं आणि सांध्यांतली कमअस्सल झाळ त्याला दिसत नाही. टाकणखार घालून मुशीत वितळवल्यावर मळ जातो आणि 39.7 ग्रॅमची कांडी निघते. आता टंच लागला 88.5. म्हणजे शुद्ध सोनं साधारण 35.1 ग्रॅम, किंमत 4 लाख 21 हजार. बाई घरून ‘22 कॅरेटचं आहे’ म्हणून आलेल्या असतात आणि टंच त्याहून कमी निघतो, त्यामुळे वादही इथेच होतो. म्हणून वितळवणं आणि टंच गिऱ्हाइकासमोरच व्हायला हवं.

बाईंना रोकड हवी असेल तर सराफ वर एक-दोन टक्के कापतो. पण लग्नसराईच्या तोंडावर बहुतेकींना दागिनाच हवा असतो. 22 कॅरेटच्या नव्या दागिन्याला 12 टक्के घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी धरला तर ग्रॅमला 12,680 च्या आसपास पडतात. त्याच पाटल्यांत नवे दागिने आले सुमारे 33 ग्रॅम. खिशातून रुपयाही गेला नाही. भाव चढल्यावर लोकांना हीच सोय परवडते. जुनं सोनं त्याच काउंटरवरून आत गेलं आणि दागिना होऊन बहुतेक बाहेर आलं. बाजाराला उरलं किती?

वर्ल्ड गोल्ड कौन्सिल पुनर्वापराचं सोनं मोजताना हा अदलाबदलीचा व्यवहार धरतच नाही. फक्त रोख पैशांसाठी विकलेलं सोनं मोजतं. म्हणून तुमची रांगही खरी आणि माझे आकडेही खरे. 2009 मध्ये सरासरी भाव औंसाला 1,000 डॉलरच्या आत होता आणि जगभरात साडेसोळाशे टनांहून जास्त मोड आली. 2024 मध्ये सरासरी 2,300 डॉलरच्या वर गेली, तरी मोड 1,370 टनांच्या आसपासच. 2009 ला मंदीने पाश्चात्त्य देशांत लोकांच्या गळ्याशी आलं होतं आणि कपाटांत वर्षानुवर्षं न विकलेला साठा पडून होता. नड आणि साठा दोन्ही असतील तरच भावाच्या उडीने मोड धो-धो येते. नुसता भाव चढत राहिला की माणूस म्हणतो, ‘अजून थांबू.’

तारणाचा संबंध न कळण्याइतका अवघड नव्हता, पण सांगतो. कर्ज किमतीच्या 75 टक्के धरा. त्याच 35 ग्रॅमवर भाव 6,000 असताना दीड लाखाच्या थोडं वर मिळायचे, 12,000 झाल्यावर तीन लाख पंधरा हजारांच्या आसपास मिळतात. नड भागते, दागिना हातचा जात नाही आणि चढत्या भावात तो सोडवून घेणंच फायद्याचं ठरतं. पूर्वी जे मुशीत गेलं असतं, ते आता कर्ज देणाऱ्याच्या तिजोरीत पडून आहे.

खरी मोड वाढली की नाही, हे रांगेवरून ओळखायचं नसतं. गलाईवाल्याकडून, म्हणजे जुनं सोनं गाळून देणाऱ्याकडून, रिफायनरीला जाणाऱ्या कांड्या वाढल्या का पाहा. विटा-आटपाडीकडचे गलाईवाले देशभर पसरलेत, विचारायला कुणी ना कुणी सापडेलच. शिवाय रोखीची मोड दाटली की आयात सोनं कर धरून इथे ज्या किमतीला पडतं, त्यापेक्षा स्थानिक भाव खाली येतो, म्हणजे डिस्काउंट वाढतो. मागणीही त्याच वेळी बसलेली असते, म्हणून डिस्काउंट एकटा पुरावा नाही. दोन्ही जोडून बघा.

बाकीच्या शेऱ्यांना उत्तर देत नाही. मूळ लेख पूर्ण वाचून आलात तर पुढे बोलू.