स्लीव्हला बॅग म्हणायचं कशाला?

"लॅपटॉप बॅग लॅपटॉप स्लीव्ह लॅपटॉप कव्हर लॅपटॉप केस १३ १४ १५.६ इंच वॉटरप्रूफ लॅपटॉप बॅग मेन वुमन ऑफिस कॉलेज ट्रॅव्हल बेस्ट गिफ्ट."

हे एका वस्तूचं टायटल आहे. एका! वाचून सांगा बरं, नक्की काय विकायला ठेवलंय? आमच्या वहिनी लॅपटॉपचे स्लीव्ह शिवतात, बारीक टाके, आत मऊ अस्तर, चार्जरला वेगळा खिसा, आणि ऑनलाइन विकतात. त्यांना कुणीतरी लिस्टिंग 'ऑप्टिमाइझ' करून देणारा भेटला, त्याने रीतसर पैसे घेऊन हे वरचं रत्न लिहून दिलं. आज वहिनींनी स्क्रीनशॉट पाठवला, खाली मेसेज, "भेट देणारे खूप वाढलेत पण ऑर्डर का कमी झाल्यात हो? आणि रिटर्न का येतायत?" डोकंच फिरलं माझं.

पाच वेळा 'लॅपटॉप'. कशासाठी? एवढ्या वेळा लिहिलं की सर्चला पाचपट पटतं असं यांना कोण शिकवतं देव जाणे. सर्च साधारण शब्द जुळवतं, टायटलमध्ये 'लॅपटॉप' एकदा आणि 'स्लीव्ह' एकदा असलं की 'लॅपटॉप स्लीव्ह', 'स्लीव्ह फॉर लॅपटॉप', दोन्ही शोधांत तुम्ही येऊ शकता. पुन्हा लिहून नवीन काही जुळत नाही, फक्त जागा जाते. आणि जागा किती असते? ईबेवर सगळं टायटलच ८० अक्षरांचं. अमेझॉनवर बहुतेक प्रकारांत २०० पर्यंत चालतं, पण जानेवारी २०२५ पासून त्यांनीही नियम केलाय की एकच शब्द टायटलमध्ये दोनपेक्षा जास्त वेळा नको. मोबाइलवर शोधाच्या यादीत तर त्यातला पुढचा तुकडाच दिसतो, बाकी तीन टिंबं. वहिनींच्या टायटलचा पुढचा तुकडा म्हणजे बॅग-स्लीव्ह-कव्हर-केस. साइझ नाही, खिसा नाही, काहीच नाही!

पण खरा राग मला त्याचा नाही. टायटलमध्ये शब्द कोंबायचं हे स्टफिंग दिसायला घाण दिसतं हे सगळेच बोलतात. खरा घोळ पहिल्याच दोन शब्दांत आहे, 'लॅपटॉप बॅग'. तो माणूस म्हणाला म्हणे, हा शब्द सगळ्यात जास्त शोधला जातो. असेलही. पण 'लॅपटॉप बॅग' टाइप करणाऱ्याला पट्टा असलेली, खांद्याला लावायची पिशवी हवी असते, फायली-डबा-चार्जर सगळं मावेल अशी. वहिनींचा स्लीव्ह हा बॅगेच्या आत सरकवायचा आहे, त्याला ना पट्टा ना हँडल. म्हणजे तो माणूस येतो, फोटो बघतो, निघून जातो. किंवा घाईत ऑर्डर करतो, घरी उघडतो आणि परत पाठवतो, कारण लिहितो 'पट्टा नाही'. वहिनींच्या रिटर्नच्या कारणांत हेच आहे, दुसरं म्हणजे 'लॅपटॉप बसत नाही', कारण टायटलमध्ये तीन साइझ कोंबलेत आणि स्लीव्ह आहे फक्त १४ इंची!! १५.६ इंच स्क्रीनचा लॅपटॉप त्यात कसा बसणार होता?

आणि याची किंमत नुसत्या रिटर्नपुरती नाही. एखादा शब्द शोधून लोक तुमच्या पानावर येतात आणि न घेताच जातात, हे मार्केटप्लेसला दिसत असतं. वारंवार तसं झालं की त्या शोधात तुम्ही खाली सरकता. त्यात वहिनींची ऑटोमॅटिक जाहिरात चालू, ती कुठल्या शोधावर दाखवायची हे मशीन तुमच्या लिस्टिंगमधल्या शब्दांवरून ठरवतं. टायटलमध्ये बॅग आहे म्हटल्यावर जाहिरात बॅगवाल्यांना दिसणार, ते क्लिक करणार, क्लिकचे पैसे वहिनींच्या खात्यातून जाणार.

मी फोनवर त्यांना जाहिरातीचा सर्च टर्म रिपोर्ट उघडायला लावला. लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केलं, किती क्लिक झाले, किती ऑर्डर आल्या, तिथे सगळं येतं. 'लॅपटॉप बॅग'च्या ओळीत क्लिकच क्लिक, ऑर्डर शून्य. त्याच्या बरंच खाली '१४ इंच लॅपटॉप स्लीव्ह विथ चार्जर पॉकेट', क्लिक मोजके पण ऑर्डर तिथून येतायत. वहिनी गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे गिऱ्हाईकच सांगतंय की काय लिहायचं." अगदी! पैसे घेणाऱ्या त्या माणसाने हा रिपोर्ट एकदाही मागितला नव्हता.

आता कुणीतरी कमेंटमध्ये येणारच की अहो असली कोंबलेली टायटलं पहिल्या पानावर दिसतात की. दिसतात, बरोबर आहे. पण ती बहुतेक जुनी लिस्टिंग असतात, वर्षानुवर्षांची विक्री आणि रिव्ह्यूंचा ढीग त्यांना वर ठेवतो, टायटल नव्हे. नवीन माणसाने त्यांची नक्कल केली की त्याच्या वाट्याला फक्त कचरा येतो.

असो. चिडून काय होणार, आम्ही दोघांनी बसून टायटल नव्याने लिहिलं. आधी वहिनींचा ब्रँड, मग:

"लॅपटॉप स्लीव्ह १४ इंच, चार्जर पॉकेटसह, वॉटर रेझिस्टंट, सॉफ्ट लायनिंग, ग्रे"

पहिल्या तुकड्यात वस्तू, साइझ आणि रिपोर्टमध्ये ऑर्डर आणणारा खिसा. मोबाइलवर तेवढंच दिसलं तरी भागतं. वॉटरप्रूफ काढलं, कारण कापडावर पाणी शिंपडलं तर टिकतं पण चेनमधून आत जातंच, आणि मुसळधार पावसात कुणाचा लॅपटॉप भिजला तर बोलणी वहिनींना. बेस्ट आणि गिफ्ट उडवलं. मेन-वुमनही उडवलं, स्लीव्हला काय बाई-पुरुष? 'केस' पण गेलं, त्या शब्दावर कडक प्लॅस्टिकचं कवच शोधणारेही येतात.

'कव्हर' मात्र टाकून द्यायचं नव्हतं, बरेच जण स्लीव्हलाच कव्हर म्हणतात. पण टायटलमध्ये 'स्लीव्ह कव्हर' लिहिलं की परत तोच ढीग दिसायला लागतो. म्हणून ते मागच्या सर्च टर्मच्या रकान्यात घातलं, जो गिऱ्हाईकाला दिसत नाही. तिथेही एकदाच, आणि टायटलमधले शब्द तिथे परत लिहायचे नाहीत. (त्या रकान्याची मर्यादा बाइटमध्ये मोजतात आणि देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, मराठी-हिंदी शब्द टाकणाऱ्यांनी जपून.) राखाडी रंग, कापड, साइझ हे सगळं आपापल्या रकान्यात भरलं, ते वहिनींचे अर्धे रिकामेच होते! डावीकडचे फिल्टर त्याच्यावर चालतात, तिथे रिकामं ठेवून टायटलमध्ये रंग पाचदा ओरडलात तरी फिल्टर लावणाऱ्याला तुम्ही दिसणार नाही.

वहिनींना अजून धाकधूक होती. "बॅग शब्द सगळीकडूनच काढायचा का हो?" नाही. खालच्या मुद्द्यांत लिहिलं, 'बॅकपॅक किंवा ऑफिस बॅगेत सहज सरकतो, खांद्याचा पट्टा नाही'. तिथे तो शब्द खरं बोलतोय. आणि जाहिरातीत 'लॅपटॉप बॅग' निगेटिव्हमध्ये टाकलं, म्हणजे त्या शोधावर जाहिरात दिसणारच नाही.

आता भेट देणारे कमी होतील, घाबरू नका असं सांगून ठेवलंय. बघायचं ते क्लिकमागे ऑर्डर किती आणि 'पट्टा नाही'वाले रिटर्न थांबतात का. तोवर फोटो, दर, टायटल कशालाच हात लावायचा नाही, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणारच नाही. निळ्या स्लीव्हचं वेगळं लिस्टिंग आहे, त्याचं टायटल अजून जुनंच आहे, ग्रेचे आकडे आल्यावर ते घेऊ.