सहकाऱ्याची आई गेली, तर मेलमध्ये काय लिहायचं?

टीममधल्या कुणाची आई किंवा वडील गेल्याचं कळतं, आपण मेल उघडतो आणि बोटं आपोआप 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो' टाइप करतात. भावना खरी असते. पण तेच वाक्य त्या दिवशी सगळीकडून येत असतं. माझं ठाम मत आहे की त्या मेलमध्ये एक तरी वाक्य असं असावं, जे दुसऱ्या कुणाला पाठवताच येणार नाही.

अडचण अशी की त्या आईला आपण बहुतेक वेळा भेटलेलोही नसतो. मग आठवण आणायची कुठून? रोज शेजारी बसणाऱ्या त्या मुलीत तिची आई थोडीफार दिसलेली असतेच. समजा, दुपारी आईचा फोन आला की ती उठून खिडकीशी जायची. तेवढंच लिहायचं:

विषय: तुझ्या आईबद्दल

"तुझी आई गेल्याचं आज सकाळी कळलं. खूप वाईट वाटलं. मी त्यांना कधी भेटले नाही, पण दुपारी त्यांचा फोन आला की तू खिडकीशी जाऊन बोलायचीस आणि परत यायचीस ती हसतच. महिनाअखेरचा रिपोर्ट मी करतेय, क्लायंटलाही तसं कळवलंय. या मेलला उत्तर देऊ नकोस."

बस. 'गेल्याचं कळलं' हे पहिल्याच वाक्यात सरळ आलंय. 'काहीही लागलं तर सांग' इथे मुद्दाम नाही, कारण त्यात काय लागेल ते शोधायचं आणि मागायचं काम पुन्हा तिच्याच गळ्यात पडतं. त्यापेक्षा तिच्या डोक्यावरचं एक काम उचलायचं आणि उचललंय असं सांगायचं. (खरंच उचललं असेल तरच.)

'वय झालं होतं', 'सुटल्या बिचाऱ्या' हे तिने म्हटलं तर ठीक, आपण म्हणू नये. काय झालं होतं, हेही विचारू नये. आणि 'तुमचं किती छान नातं होतं' हे तर माहीत असल्याशिवाय अजिबात नको. काही घरांत आई-मुलीचं वर्षानुवर्षं बोलणं नसतं. अशा वेळी ते वाक्य फार लागतं.

काहीच आठवत नसेल तर आठवण रचू नका. 'कळलं, वाईट वाटलं, तुझं अमुक काम मी बघतोय' एवढाही मेल पुरेसा असतो.

पाठवण्याआधी एक बघा. जुन्या मेलला रिप्लाय करून लिहिलंत तर वर 'अर्जंट: बजेट' तसंच राहतं, म्हणून नवा मेल घ्या. सीसीत कुणी नको. खाली आपोआप येणारी पदाची आणि कंपनीच्या जाहिरातीची सही काढून नुसतं नाव ठेवा.

आणि बातमी उशिरा कळली म्हणून गप्प बसू नका. ती कामावर परतल्यावर पाठवला तरी चालतो. फक्त उशीर का झाला, त्याचा खुलासा त्यात नको.