नालंदाचा फॉरवर्ड आणि इत्सिंगची पायपीट

“नालंदा विद्यापीठात १०,००० परदेशी विद्यार्थी शिकायचे! ग्रीस, जपान, चीन, सगळीकडून!! फी शून्य, प्रवेश सर्वांना खुला. खिलजीने एका दिवसात सगळं संपवलं. शाळेत का शिकवत नाहीत? पुढे पाठवा.”

हा मेसेज या महिन्यात तिसऱ्यांदा आला, म्हणून लिहितो.

दहा हजारांचा आकडा ह्युएन त्संगच्या चरित्रातला आहे. ते लिहिणारा त्याचा शिष्य हुइली नालंदाला कधी गेला नव्हता. स्वतः ह्युएन त्संग ‘काही हजार’ भिक्षू एवढंच म्हणतो. त्याच्यानंतर तिथे दहा वर्षं राहिलेला चिनी भिक्षू इत्सिंग तीन हजारांहून थोडे जास्त सांगतो, आणि मला त्याच्यावर जास्त भरवसा वाटतो. शिवाय ही मोजणी विहारात राहणाऱ्या सगळ्यांची आहे, फक्त परदेशी लोकांची नाही. सातव्या शतकात भारताकडे निघालेल्या भिक्षूंची चरित्रं इत्सिंगनंच लिहून ठेवली आहेत. ती जेमतेम साठ. त्यातलेही सगळे नालंदापर्यंत पोचले नाहीत.

इतके थोडे का, हे त्याच्याच प्रवासावरून कळतं. ६७१ साली तो कँटनहून एका इराणी व्यापाऱ्याच्या जहाजातून निघाला आणि सुमात्रातल्या श्रीविजयला उतरला. तिथे सहा महिने थांबून त्यानं संस्कृत व्याकरणाचा पाया घातला. पुढे ताम्रलिप्तीला, म्हणजे बंगालच्या किनाऱ्यावर, पुन्हा भाषेचा अभ्यास. तिथून मगधाकडे जाणाऱ्या तांड्याबरोबर चालताना तो आजारी पडला आणि मागे राहिला. संध्याकाळी दरोडेखोरांनी गाठून अंगावरचे कपडेसुद्धा काढून घेतले. गोऱ्या माणसाला पकडून बळी देतात असं त्यानं ऐकलं होतं. तेव्हा हा पठ्ठ्या चिखलाच्या डबक्यात उतरला, अंगभर चिखल फासला, पानं गुंडाळली आणि काठी टेकत रात्री उशिरा सोबत्यांपर्यंत पोचला. नंतर मायदेशी लिहिताना त्यानं सल्ला दिला, की भारतात जाऊ पाहणाऱ्यानं आधी श्रीविजयला एक-दोन वर्षं थांबून तयारी करावी.

ग्रीसहून कुणी आल्याची नोंद नाही. जपानहून कुणी नालंदाला पोचल्याचाही पुरावा नाही. जपानी भिक्षू चीनची तेव्हाची राजधानी चांगआनपर्यंत जात. दोशो तिथे ह्युएन त्संगकडेच शिकला, आणि कुकाई नालंदात शिकून आलेल्या प्रज्ञ नावाच्या पंडिताकडे संस्कृत शिकला. कोरियाहून मात्र भिक्षू खरंच आले. आर्यवर्मा हे नाव घेतलेला त्यातला एक नालंदातच वारला.

प्रवेशाचं म्हणाल, तर चर्चेत बसू इच्छिणाऱ्या परक्याला दारावरच अवघड प्रश्न विचारले जात. दहातले सात-आठ तिथूनच परत जात, असं ह्युएन त्संग लिहितो.

फीचा मुद्दा अर्धा खरा आहे, पण पैसा कुठून येई हे मेसेजमध्ये नाही. ह्युएन त्संगच्या वेळी सुमारे शंभर गावांचं उत्पन्न नालंदाला तोडून दिलेलं होतं आणि दोनशे घरं रोज तांदूळ, दूध, लोणी पोचवत. खुद्द त्याला रोज महाशाली तांदूळ, वीस सुपाऱ्या, वीस जायफळं आणि थोडा कापूर मिळे. (पाहुणचार होता, सगळ्यांचं ताट असं नसणार.) इत्सिंगच्या काळापर्यंत गावं दोनशेच्या वर गेली. नवव्या शतकात तर सुवर्णद्वीपाच्या, म्हणजे सुमात्राच्या, बालपुत्रदेव राजानं नालंदात विहार बांधला आणि त्याच्या विनंतीवरून पाल राजा देवपालानं पाच गावं दिली. १९२१ साली उत्खननात सापडलेल्या ताम्रपटात खर्चाच्या बाबी कोरल्या आहेत: पूजा, भिक्षूंचं अन्नवस्त्र, अंथरुण, आजाऱ्यांचं औषध, पोथ्या लिहून घेणं, पडझडीची डागडुजी. पण हे संघातल्यांसाठी. भारतातल्या विहारांत भिक्षूंकडे फक्त लौकिक विद्या शिकायला येणाऱ्या पोरांना संघाच्या मालमत्तेतून फुकट जेवू घालू नये, त्यांनी खर्च स्वतः करावा किंवा कामं करावीत, असं इत्सिंग स्पष्ट लिहितो.

राहिला शेवट. ११९३ ते १२०० च्या सुमाराची तुर्की आक्रमणं आणि मगधातल्या विहारांची नासधूस खरी आहे. पण १२३५ च्या सुमाराला तिबेटचा धर्मस्वामी नावाचा भिक्षू नालंदाला आला, तेव्हा नव्वदी ओलांडलेले राहुलश्रीभद्र तिथे सत्तर विद्यार्थ्यांना शिकवत होते आणि तोही त्यांच्याकडे व्याकरण शिकला. एकदा ओदंतपुरीत कैदेत असलेल्या जयदेव या उपासकानं निरोप धाडला, की शिपाई येताहेत, निघा. बाकीचे पळाले. गुरुजी म्हातारे, हलायला तयार नव्हते. धर्मस्वामीनं त्यांना पाठीवर घेतलं, थोडा तांदूळ आणि पोथ्या बरोबर घेतल्या आणि जवळच्या एका देवळात जाऊन दोघं लपले. शिपायांना ते सापडले नाहीत.